अण्णांचे पाच कप

आपल्या मंडळाचा कोणताही कार्यक्रम घ्या, मध्यंतरातला चहा साधारण आठच्या सुमाराला होतो. हॉलच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलं उकळत असतं, आलं ठेचल्याचा वास येतो, आणि रांगेत उभं राहून दोघं-तिघं तरी ठरलेलं वाक्य म्हणतात, "मला बाई काही होत नाही, मी रात्री अकराला चहा पिऊनसुद्धा गाढ झोपते." दुसरा पक्ष म्हणतो, "छे, मी चारनंतर घेतला तर रात्रभर छताकडे बघत बसतो." मग दोन्ही पक्ष कप भरून घेतात.

मी इथे इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षं औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून उभी आहे. झोप येत नाही ही तक्रार काउंटरवर रोजची. पण हा लेख लिहायला कारण झाले आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे. त्यांना विचारून लिहिते आहे. "छापा की, त्यात काय लपवायचंय," असं त्यांनी म्हटलंय.

आधी चहाकॉफीत नेमकं काय होतं ते सांगते. आपण जागे असतो, विचार करतो, तेव्हा मेंदूतल्या पेशी इंधन जाळतात. त्या कामातून ॲडेनोसीन नावाचा पदार्थ पेशींच्या आसपास साठत जातो. सकाळी तो कमी असतो, दिवसभर वाढतो आणि रात्री झोपेत परत खाली येतो. मेंदूत या ॲडेनोसीनला बसायला ठरावीक जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. ॲडेनोसीन तिथे बसलं की जागं ठेवणाऱ्या पेशींचा वेग मंदावतो, डोळे जड होतात, जांभया येतात. रात्री दहाला आपल्याला जी पेंग येते ती बऱ्याच अंशी या साठ्याची.

कॅफीनचा रेणू दिसायला ॲडेनोसीनच्या जवळचा. तो त्याच जागांवर जाऊन बसतो, पण बसून काहीच करत नाही. अण्णा एकतीस वर्षं एस.टी.त वाहक होते, त्यामुळे त्यांना हे समजावायला मला एकच गोष्ट पुरली. यात्रेच्या दिवसांत गाडी फलाटाला लागायच्या आत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमाल म्हणजे प्रवासी नव्हे, पण त्या सीटवर दुसऱ्याला बसता येत नाही. कॅफीन म्हणजे हे रुमाल. ॲडेनोसीन आत आलेलं असतं, गर्दीही तितकीच असते, पण सगळं उभं.

या एका चित्रातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही, की कॅफीन शक्ती देत नाही आणि थकवाही काढत नाही. थकव्याची खबर पोचू देत नाही, इतकंच. दुसरी ही, की रुमाल उचलले गेले की उभे असलेले सगळे एकदम बसतात. दुपारी तीनला जो माणूस कॉफी उतरल्यावर एकदम गळून जातो, त्याचं कारण बरंचसं हेच. आणि रुमाल झोपायच्या वेळेपर्यंत जागेवरच राहिले, तर अंग दमलेलं असूनही मेंदूला झोपेचा निरोप मिळत नाही.

म्हणजे खरा प्रश्न चहा पिऊन झोप जाते की नाही हा नसून, रात्री अकरा वाजता अंगात किती कॅफीन उरलंय हा आहे. ते ठरतं यकृतावर. प्यायल्यानंतर पाऊण तासात जवळजवळ सगळं कॅफीन रक्तात आलेलं असतं. मग यकृत ते निकालात काढतं. निम्मं कॅफीन जायला लागणारा वेळ निरोगी प्रौढ माणसात सरासरी पाच तास, पण तीन तासांपासून सातपर्यंत कितीही असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो पंधरा तासांच्या घरात जातो. गर्भनिरोधक गोळ्यांनी जवळपास दुप्पट होतो. मध्यंतरातले ते दोन पक्ष खोटं बोलत नसतात. त्यांची यकृतं वेगळी असतात, आणि मेंदूतल्या त्या जागांची घडणही थोडी वेगळी असते.

आता अण्णा. वय शहात्तर, घर वाईला. गेल्या मार्चमध्ये ते आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. चाळीस वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढणारा हा माणूस, पण नातीला दमा आहे हे माहीत असल्यामुळे विमानतळावर उतरल्या दिवसापासून त्यांनी सिगारेट बंद केली. कोणी सांगितलं नव्हतं. खिशातलं अर्धं पाकीट त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं मी पाहिलं.

झोप मात्र गेली. पहिला आठवडा आम्ही जेट लॅगवर ढकलला. पुढचे दोन-तीन आठवडे सिगारेट सोडल्याचा त्रास असेल म्हणून काढले, आणि ते धरून होतंच. निकोटिन सुटलं की चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड हे सगळं होतं. नवऱ्याला वाटत होतं की आईची आठवण येत असेल. तेही खोटं नव्हतं. रात्री दोनला स्वयंपाकघराचा दिवा लागलेला असायचा आणि अण्णा खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत असायचे. पाचवा आठवडा उजाडला तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, माझी झोप सिगारेटनं नेली. एक ओढू दे बाहेर जाऊन, बघ कसा झोपतो." त्याच सुमाराला त्यांच्या बॅगेत अल्प्राझोलामची एक पट्टी सापडली. गावाकडच्या कुणीतरी 'लागली तर असू दे' म्हणून दिलेली. या वयात झोपेच्या गोळीवर रात्री लघवीला उठून पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे मी कामात पुष्कळ पाहिलंय. पट्टी मी माझ्या कपाटात ठेवली. पण आता एकीकडे गोळी आणि दुसरीकडे सिगारेट, यांतलं काहीतरी घरात येणार हे दिसत होतं.

मला खटकत होतं ते वेगळंच. निकोटिनचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण महिन्याभरात ओसरतो. अण्णांचा ओसरत नव्हता. शिवाय त्यांचे हात किंचित कापत होते, छातीत धडधडतं म्हणत होते आणि रात्री तीनदा लघवीला उठत होते. डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी, थायरॉइड, साखर, सगळं ठीक निघालं. घरी येऊन मी त्यांच्या चहाचा हिशेब मांडायला बसले.

अण्णांचे दिवसाला पाच कप. वाईला पाच, इथेही पाच, त्यात फरक नाही. पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ. पावडरसुद्धा तीच, येताना आणलेली, कपाला एक चमचा. तो चमचा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, दोन ग्रॅम भरला. काळ्या चहाच्या पावडरीत वजनाच्या दोन ते साडेतीन टक्के कॅफीन असतं, आणि आपण ती पाण्यात खळखळून उकळतो, म्हणजे बहुतेक सगळं पाण्यात उतरतं. कपाला पन्नास मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला अडीचशे. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं 2015 मध्ये सांगितलंय. म्हणजे प्रमाण काही अफाट नव्हतं. मग चाळीस वर्षं चाललेले पाच कप आत्ताच का बाधावेत?

कारण सिगारेट सुटली होती. यकृतातलं ज्या एन्झाइमचं काम कॅफीन निकालात काढणं हे आहे, त्याला आमच्या भाषेत सीवायपी-वन-ए-टू म्हणतात. तंबाखू जळताना धुरात जे डांबरातल्यासारखे पदार्थ तयार होतात, ते या एन्झाइमचं उत्पादन वाढवतात. यकृताला वाटतं विष येतंय, म्हणून ते जास्त कामगार लावतं. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या अंगातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगानं जातं. धूर बंद झाला की काही दिवसांत, फार तर आठवडाभरात, हे जादा कामगार कमी होतात. चहा मात्र तितकाच चालू राहतो. 1989 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच विषयावर एक अभ्यास आला होता. ज्यांनी धूम्रपान सोडलं पण कॉफी पूर्वीइतकीच ठेवली, त्यांच्या रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास गेलं आणि महिनोनमहिने तसंच राहिलं.

हे करतो तो धूर, निकोटिन नव्हे. म्हणून निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम घेतलं तरी कॅफीनचा वेग वाढत नाही. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळणाऱ्या मंडळींना हा हिशेब लागू नाही. बिडीला मात्र पुरेपूर लागू आहे.

मी कागदावर अण्णांचे आकडे मांडले. सिगारेट चालू असताना त्यांचं निम्मं कॅफीन तीन तासांत जात असेल असं धरू. रात्री अकराला आठच्या कपातले पंचवीस मिलिग्रॅम उरतात, पाचच्या कपातले बारा-तेरा, दोनच्या कपातले सहा आणि सकाळच्या दोन्ही मिळून तीन-चार. बेरीज सत्तेचाळीसच्या आसपास, म्हणजे एका कपाहून थोडं कमी. आता सिगारेट सुटली आणि तोच वेळ सहा तास झाला. रात्रीच्या कपातले पस्तीस, पाचच्या कपातले पंचवीस, दोनच्या कपातले अठरा, दहाच्या कपातले अकरा आणि पहाटेच्या कपातलेसुद्धा सात. आदल्या दिवसाची थोडी शिल्लक धरली की शंभर. दोन कप चहा नुकता पिऊन अंथरुणावर पडल्यासारखं. पूर्वी रात्री अकराला अंगात जेवढं असायचं, तेवढं आता पहाटे पाचला असणार होतं. आणि अण्णांना डोळा लागायचा तो साडेचार-पाचलाच!

आकडे अंदाजी आहेत, अण्णांचं रक्त काही मी तपासलं नव्हतं. पण वरच्याच युरोपीय संस्थेने असंही म्हटलंय की झोपण्याच्या तोंडावर घेतलेलं शंभर मिलिग्रॅम काहींची झोप बिघडवायला पुरतं. निदान करून पाहण्याइतका संशय नक्की होता.

अण्णांपुढे कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो कंडक्टरच्या नजरेनं वरपासून खालपर्यंत तपासला आणि बेरीज बरोबर आहे म्हणाले. चहा कमी करायला मात्र तयार नव्हते. "सिगारेट सोडली, आता चहाही सोडू? मग राहिलं काय?" यात त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून सोडायचा नाही, वेळ बदलायची असं ठरलं. आणि एकदम काही करायचं नाही, हे मी बजावलं. रोज कॅफीन घेणाऱ्याच्या मेंदूत ॲडेनोसीनच्या जागा वाढलेल्या असतात, डब्याला जास्तीची आसनं जोडावीत तशा. अचानक चहा तोडला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, कारण रक्तवाहिन्या एरवीपेक्षा जास्त फुगतात. हे डोकं दोन दिवसही दुखतं, कधी आठवडाभर. कडक उपासाच्या संध्याकाळी आपल्या घरातल्या बायकांचं डोकं दुखतं त्याला 'पित्त झालं' म्हणतात. पुष्कळदा ते पित्त नसून न मिळालेला चहा असतो.

पहिले चार दिवस फक्त रात्री आठचा कप बदलला. त्याऐवजी गवती चहा, ज्यात चहाचं झाड अजिबात नसल्यामुळे कॅफीन शून्य. पुढचे चार दिवस पाचच्या कपात अर्धा चमचा पावडर. मग तोही गवती चहावर. सहा, दहा आणि दोनचे कप पूर्ण ताकदीचे, त्यांना हात लावला नाही. या तीन कपांतलं रात्री अकराला उरतं छत्तीस ते अडतीस, म्हणजे सिगारेट चालू असताना उरायचं त्याहूनही थोडं कमी. नातीनं फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. किती वाजता कप, किती वाजता दिवा बंद, रात्री कितीदा उठले. अण्णा तो पेन्सिलीनं भरायचे, तिकिटाच्या हिशेबासारखा.

पहिल्या चार दिवसांत काहीच फरक दिसला नाही आणि अण्णांनी मला दोनदा टोमणा मारला. आठव्या-नवव्या दिवशी तक्त्यावर 'दोन वाजता उठलो, लगेच झोपलो' असं आलं. तिसऱ्या आठवड्याअखेर ते साडेअकराला झोपून पाचला उठत होते, मध्ये एकदाच लघवीला. हात कापणं थांबलं. सिगारेटचं नाव त्यांनी परत काढलं नाही. हे सगळं चहामुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही, कारण त्याच काळात निकोटिनचा उरलासुरला त्रासही संपत होता आणि ते नव्या घराला रुळत होते. पण पाच आठवडे न हललेली गोष्ट कप हलवल्यावर हलली, हे तक्त्यावर दिसतं.

'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या पक्षासाठीही एक गोष्ट सांगते. डेट्रॉइटमध्ये बारा निरोगी माणसांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना 400 मिलिग्रॅम कॅफीन कधी झोपताना, कधी तीन तास आधी, तर कधी सहा तास आधी दिलं. सहा तास आधी घेतलं तरी यंत्राने मोजलेली झोप तासाभराहून अधिक कमी झाली. त्यांच्या स्वतःच्या नोंदीत मात्र सहा तासांवाल्या रात्रीचा हा फरक उमटला नाही. 400 म्हणजे अण्णांचे आठ कप एका दमात, तेव्हा आपल्या एका कपाला तो आकडा सरळ लावू नये. पण आपली झोप कशी झाली याची आपल्याला स्वतःला फारशी नीट माहिती नसते, हे त्यातून कळतं. कॅफीन गाढ झोपेचा भाग उथळ करतं, आणि त्याचा पत्ता सकाळी लागतो तो फक्त 'आज एक कप जास्त लागतोय' एवढाच.

कॉफीवाल्यांनी सुटलो असं समजू नये. रेणू तोच आहे. चहातल्या द्रव्याला पूर्वी 'थेइन' असं वेगळं नाव होतं, पण ते कॅफीनच आहे हे एकोणिसाव्या शतकातच कळलं. गाळलेल्या कॉफीच्या कपात साधारण नव्वद मिलिग्रॅम असतं. इथल्या साखळी दुकानांतल्या मोठ्या पेल्यात किती, ते त्यांच्या तक्त्यात बघून घ्यावं. एकाच मापाच्या पेल्यात दुकानागणिक दुपटी-तिपटीचा फरक असतो. डीकॅफमध्येही थोडंसं राहतंच, पण ते इतकं कमी की झोपेच्या हिशेबात धरायचं कारण नाही.

आणि तुमच्या घरात कोणी सिगारेट किंवा बिडी सोडत असेल, तर चहा निम्म्यावर आणायची आठवण त्याच आठवड्यात करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो माणूस दम्यासाठी थिओफायलिन घेत असेल, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन वा ओलान्झापिन, तर सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा. ही औषधंही तेच एन्झाइम निकालात काढतं, आणि धूर थांबला की त्यांचीही रक्तातली पातळी चढते. तिथे प्रश्न झोपेपुरता राहत नाही. थिओफायलिन तर कॅफीनचंच भावंड आहे, आणि आपल्याकडच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या डब्यात ते असतं.

अण्णा सप्टेंबरात परत गेले. वाईच्या स्टँडसमोरच्या टपरीवर त्यांचे जुने सहकारी संध्याकाळी पाचला जमतात, आणि तिथे कटिंग आणि सिगारेट एकत्रच मागवली जाते. फोनवर त्यांनी सांगितलं की ते जातात, बसतात आणि टपरीवाल्याला आलं घालून नुसतं दूध उकळायला लावतात. त्याचे तो दोन रुपये जास्त घेतो, ही त्यांची सध्याची मुख्य तक्रार आहे.